हरकत घ्यायची तर वाक्य संपायला हवे

ग्रामपंचायतीच्या फलकावर भूसंपादनाची अधिसूचना लागते, तेव्हा ती वाचणाऱ्याला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. माझा गट नंबर यात आहे का, मी आता जमिनीचे काय करू शकत नाही, आणि हरकत घ्यायची तर कुठे व कधीपर्यंत? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने याची सोय केलेली आहे. कलम ११ प्रमाणे प्रारंभिक अधिसूचना राजपत्रात आणि दोन दैनिकांत यावी लागते. शिवाय पंचायतीत, तहसील कचेरीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात ती स्थानिक भाषेत लावावी लागते. कायदा मुळात इंग्रजीत लिहिलेला, त्यामुळे अधिसूचनेचा सांगाडाही तिकडून येतो आणि तो मराठीत आणण्याचे काम कुणा अनुवादकाच्या किंवा कार्यालयातल्या अव्वल कारकुनाच्या टेबलावर पडते. निकाल बहुतेक वेळा असा लागतो:

‘उक्त अधिनियमाच्या कलम ११ च्या पोटकलम (४) अनुसार, अशी अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून या प्रकरणाखालील कार्यवाही पूर्ण होईपर्यंतच्या कालावधीत, कोणतीही व्यक्ती, प्रारंभिक अधिसूचनेत विनिर्दिष्ट केलेल्या जमिनीचा कोणताही व्यवहार करणार नाही किंवा तसा व्यवहार होण्यास कारणीभूत होणार नाही किंवा अशा जमिनीवर कोणताही भार निर्माण करणार नाही, परंतु अशा प्रकारे अधिसूचित केलेल्या जमिनीच्या मालकाने केलेल्या अर्जावरून, विशेष परिस्थितीत, कारणे लेखी नमूद करून, जिल्हाधिकारी अशा मालकास उपरोक्त तरतुदीच्या प्रवर्तनातून सूट देऊ शकेल.’

हा नमुना मी रचलेला आहे, पण असा मजकूर कोणत्याही तालुक्याच्या गावी सापडेल. यात चूक म्हणावी असे जवळजवळ काही नाही. तरीही ज्याच्यासाठी तो लावला, त्याला तो दोनदा वाचून कळत नाही. ‘शब्द सोपे करा’ हा सल्ला मग लगेच मिळतो. माझ्या मते दुखणे शब्दांत कमी आणि क्रियापदात जास्त आहे.

‘कोणतीही व्यक्ती व्यवहार करणार नाही’ हे वाक्य पाहा. कायद्याच्या इंग्रजीत आज्ञा देताना भविष्यकाळासारखे दिसणारे एक सहायक क्रियापद येते, आणि मराठी कायदेलेखनाने त्यासाठी ‘करील’, ‘करणार नाही’ ही रूपे रूढ केली आहेत. अधिनियमाच्या पुस्तकात ती चालतात, कारण ते पुस्तक वाचणारा वकील किंवा अधिकारी त्या संकेताला सरावलेला असतो. फलकापुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र ‘करणार नाही’ म्हणजे भाकीत वाटते, नाहीतर कुणीतरी घेतलेली शपथ. ‘करू नये’ केले तर अर्थ जवळ येतो, पण ‘गवतावर चालू नये’ याच रूपात असल्यामुळे त्याला थोडी सल्ल्याची छटा राहते. ‘करता येणार नाही’ अधिक ठाम आहे. जमिनीचा व्यवहार अडवायचा असेल तेव्हा मी ‘मनाई आहे’ घेईन. हा शब्द गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कोर्टालाही परका नाही आणि पुढच्या वाक्यात ‘या मनाईतून सूट’ असे म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येते. ‘कृपया’ मात्र इथे नको. ‘कृपया व्यवहार करू नये’ म्हटले की बंदीची विनंती होते, आणि विनंती मोडली म्हणून कुणाचे नुकसान व्हावे हे वाचणाऱ्याला पटत नाही. कायदा तर सांगतो की जाणूनबुजून मनाई मोडल्यामुळे झालेले नुकसान जिल्हाधिकारी भरून देणार नाहीत.

आता ‘या प्रकरणाखालील’. मूळ कायद्यात ते शब्द कलम ज्या प्रकरणात येते त्या चौथ्या प्रकरणाविषयी आहेत. कायद्यातून उचलून अधिसूचनेत चिकटवले की ‘प्रकरण’ म्हणजे कायद्याचा भाग की कचेरीत पडलेली फाइल, हे कळायला मार्ग उरत नाही. मराठीत दोन्हींना प्रकरणच म्हणतात. अशी जागा शब्द सोपा करून सुटत नाही, ‘कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखालील’ असे लांब लिहावे लागते.

सोपेपणाच्या भरात कायदा बदलतो तो ‘व्यवहार’ या शब्दापाशी. उत्साही अनुवादक तिथे ‘खरेदी-विक्री’ लिहितो. मग गहाणखत, बक्षीसपत्र, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मोकळे सुटले असे वाचणाऱ्याला वाटते. उदाहरणे द्यायची असतील तर ‘खरेदी, विक्री, गहाण, बक्षीसपत्र यांसह कोणताही व्यवहार’ असे द्यावे. ‘भारा’ची अडचण उलटी आहे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा ‘बोजा’ चढलेला असतो, ‘भार’ नव्हे. मौजे, हरकत, वहिवाट, बोजा, खातेदार हे महसुली शब्द दीर्घकाळ टिकले आहेत. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी महसुलाच्या बोलीतून यांतले बरेच फारसी-अरबी शब्द हलले नाहीत. शासकीय भाषा भारदस्त व्हावी म्हणून ‘हरकती’चा ‘आक्षेप’ करण्यात काही मिळत नाही. सूचना ‘हरकत’ शब्दाने औपचारिकच राहते.

अर्थात सगळेच शब्द अनुवादकाच्या हातात नसतात. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतले पाठ राष्ट्रपतींच्या अधिकाराने प्रसिद्ध झाले, की १९७३ च्या एका कायद्यानुसार ते त्या भाषेतले प्राधिकृत पाठ मानले जातात. राज्याच्या पातळीवर भाषा संचालनालयाचे कोश आहेत. म्हणून पदनामे, कायद्याचे नाव, कलम आणि ‘हितसंबंधित व्यक्ती’सारख्या व्याख्येतल्या संज्ञा जशाच्या तशा ठेवायच्या. त्यांच्या भोवतीचे मराठी मात्र आपले.

आदरार्थाचा गुंता याहून नाजूक आहे. कायद्यात ‘जिल्हाधिकारी देईल’, ‘राज्य शासन करील’ असे एकवचन असते. अधिसूचनेत ते उद्धट वाटते, म्हणून ‘जिल्हाधिकारी देतील’ होते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कागदावर जमीनमालक मात्र ‘सदर इसम’, ‘अर्जदार’, ‘त्यास’ असा एकवचनात राहतो. अधिकारी ‘ते’ आणि नागरिक ‘तो’, ही उतरंड अनुवादकाने ठरवून केलेली नसते, मूळ इंग्रजीत तर ती नसतेच. कहर म्हणजे खाली ज्यांची सही, त्यांचाच उल्लेख वर ‘मा. जिल्हाधिकारी’ असा. स्वतःच्या सहीच्या पत्रात स्वतःला माननीय म्हणवून घेणे मराठीत कुठल्याच काळी रीतसर नव्हते. पदनाम पुरेसे आहे.

नागरिकालाही आदरार्थी अनेकवचन द्यावे, हा त्यावरचा सरळ उपाय दिसतो. त्याचा एक अनपेक्षित फायदाही होतो. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, म्हणून कायद्यात ‘तिने’, ‘तिला’ येते आणि सामान्य वाचक बुचकळ्यात पडतो. ‘खातेदार’ घेतला तर पुल्लिंग येते आणि नवऱ्यामागे जमीन नावावर झालेल्या बाईला तो मजकूर आपल्यासाठी वाटत नाही. ‘ज्यांचा या जमिनीत हक्क आहे, त्यांनी’ म्हटले की दोन्ही अडचणी मिटतात. पण इथे थांबून विचार करावा लागतो. एका गटात पाच सहहिस्सेदार असतील, तर ‘जमीनमालकांनी अर्ज केल्यास’ याचा अर्थ पाचही जणांनी मिळून, की कुणा एकाने? आदराचे अनेकवचन आणि संख्येचे अनेकवचन मराठीत सारखेच दिसते. जिथे हक्क एकट्याला बजावता येतो, तिथे ‘कोणत्याही जमीनमालकाने’ असे एकवचनच बरे. त्यात अनादर नाही, कारण तिथे कुणा ओळखीच्या माणसाचा उल्लेख नाही.

गावासाठीची जाहीर सूचना अशी तृतीय पुरुषात चालते. पुढे कलम २१ खाली खातेदाराच्या नावे जी नोटीस निघते, तिच्यात ‘तुम्ही’ की ‘आपण’ हा प्रश्न उभा राहतो. ‘आपण’ अधिक सभ्य म्हणून बहुतेकांची पसंती त्याला. मला नोटिशीत ‘तुम्ही’ हवे. ‘मोजणी आपल्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत होईल’ यात प्रतिनिधी खातेदाराचा की कार्यालयाचा? ‘आपला’ हा शब्द तुमचा, आपणा सर्वांचा आणि ज्याचा त्याचा, अशा तीन अर्थांनी फिरतो. निमंत्रणपत्रिकेत त्याने बिघडत नाही. ‘तुम्ही’ हे मुळात आदरार्थीच आहे, आणि वर ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लावून पूर्ण नाव लिहिले की आणखी काही लागत नाही.

राहिली वाक्याची लांबी. इंग्रजीत ‘जमीन’ आधी येते आणि तिची विशेषणे मागाहून लोंबत राहतात, शिवाय क्रियापद लवकर हाती लागते. मराठीत सगळी विशेषणे जमिनीच्या पुढे रांगेत उभी राहतात आणि क्रियापद शेवटी येते. त्यामुळे साठ शब्दांचे इंग्रजी वाक्य वाचता वाचता कळते, साठ शब्दांचे मराठी वाक्य संपल्यावरच कळू लागते. ‘परंतु’च्या जागी वाक्य तोडले तर कायदा तुटत नाही. फक्त एक जपावे: अट आणि ती ज्याला लागू आहे ती गोष्ट एकाच वाक्यात राहिली पाहिजे. वरचा परिच्छेद मी असा करीन:

‘ही अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून भूसंपादन कायद्याच्या चौथ्या प्रकरणाखालील कार्यवाही पूर्ण होईपर्यंत, सोबतच्या अनुसूचीतील जमिनीचा कोणताही व्यवहार करण्यास, तो घडवून आणण्यास किंवा त्या जमिनीवर बोजा चढवण्यास मनाई आहे [कलम ११(४)]. कोणत्याही जमीनमालकाने अर्ज केल्यास, विशेष परिस्थितीत, कारणे लेखी नोंदवून जिल्हाधिकारी या मनाईतून सूट देऊ शकतील.’

‘विशेष परिस्थितीत’ हे शब्द तिसऱ्या वाक्यात टाकायचा मोह होतो. तसे केले तर अर्ज केला की सूट मिळते, असा समज दोन वाक्यांमधल्या फटीत तयार होतो.

हरकतीच्या परिच्छेदात कलम १५ येते. तिथे अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. ‘हरकती सादर कराव्यात’ हे जणू फर्मान वाटते; ‘हरकत घेता येईल’ हा हक्क वाटतो. ‘सुनावणी घेण्यात येईल’ या नेहमीच्या कर्मणी प्रयोगात सुनावणी कुणी घ्यायची हे हरवते. कायद्याने ते काम जिल्हाधिकाऱ्यांवर टाकले आहे आणि हरकत घेणाऱ्याला स्वतः, प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची मुभा आहे. ते असे लिहिता येते: ‘हरकत घेणाऱ्यास जिल्हाधिकारी म्हणणे मांडण्याची संधी देतील. ते स्वतः, अधिकार दिलेल्या प्रतिनिधीमार्फत किंवा वकिलामार्फत मांडता येईल.’ मुदतीनंतरची हरकत ‘विचारात घेतली जाणार नाही’ असे वाक्य सवयीने शेवटी जोडले जाते. मूळ मसुद्यात ते नसेल तर अनुवादकाने ते घालू नये. तारीख मोजून द्यायचे कामही त्याचे नव्हे, पण ६० वा दिवस कोणता ते कंसात छापावे, असा शेरा लिहून मसुदा सहीसाठी पाठवता येतो.