दोन मांजरांची गोष्ट

पडद्यावर काळ्या मांजराचे इमोजी दिसते तेव्हा आपल्याला ते एकच चिन्ह वाटते. यंत्राकडे मात्र तीन संकेतांक आलेले असतात:

```
U+1F408 U+200D U+2B1B
```

पहिला मांजराचा, तिसरा काळ्या चौकोनाचा. मधल्या संकेतांकाला स्वतःचे चित्र नाही. तो शून्य रुंदीचा जोडक असून 'शेजारच्या दोन चिन्हांचे जमल्यास एक चित्र कर' एवढेच सुचवतो. मराठी लेखनात 'दऱ्या'मधला अर्धा र उमटवण्यासाठीही काही ठिकाणी हाच जोडक वापरतात.

आता दुसरे मांजर पाहा. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 मध्ये निंजा मांजर आणले. त्याची रचना अशी:

```
U+1F431 U+200D U+1F464
```

म्हणजे मांजराचा चेहरा, जोडक आणि माणसाची छायाकृती. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही रचना सारख्याच निर्दोष आहेत. मग फरक कोठे आहे?

फरक यादीत आहे. युनिकोड संघटना इमोजींची एक यादी प्रसिद्ध करते. तिच्यातील चिन्हांना 'रेकमेंडेड फॉर जनरल इंटरचेंज', म्हणजे सर्वसाधारण देवाणघेवाणीसाठी शिफारस केलेली, असे म्हणतात. अर्थ असा की, निरनिराळ्या उत्पादकांनी या रचनांसाठी चित्र द्यावे, म्हणजे पाठवणाऱ्याला व घेणाऱ्याला एकच वस्तू दिसेल. काळे मांजर 2020 मध्ये या यादीत आले. निंजा मांजर तिच्यात कधीच नव्हते. ते एका कंपनीच्या घरचेच राहिले.

परिणाम काय झाला? विंडोज 10 वरून पाठवलेले निंजा मांजर इतरत्र पोहोचले की जोडणी सुटे. घेणाऱ्याला मांजराचा चेहरा आणि शेजारी एक छायाकृती अशी दोन चित्रे दिसत. संकेतांक सगळे पोहोचले, पण अर्थ वाटेत हरवला. पुढे 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विंडोज 11 च्या नव्या चित्रसंचातून हे मांजर वगळले. जुन्या संदेशांतले संकेतांक कायम राहिले, पण त्यांचे एकत्र चित्र काढणारा उरला नाही.

येथे एक सावधगिरी हवी. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे, की हमीही नव्हे. 2020 पूर्वीचा फोन अद्ययावत केलेला नसेल, तर त्यावर काळे मांजरही फुटून मांजर आणि काळा चौकोन असे दिसेल. म्हणून पडद्यावर दोन चित्रे दिसली एवढ्यावरून ती रचना यादीबाहेरची ठरत नाही. एकच चित्र दिसले म्हणून ती यादीतली आहे, असेही नाही. खात्री करायची तर युनिकोडची `emoji-zwj-sequences.txt` ही फाइल उघडावी. अशा जोडकाने बांधलेल्या, शिफारस झालेल्या रचना तीत ओळीने दिलेल्या आहेत. काळे मांजर तेथे सापडेल, निंजा मांजर सापडणार नाही.