साठ तासांचं काम, सव्वीस तासांचे पैसे

घरबसल्या वेबसाइट बनवून देणाऱ्या एका मुलीला दंतवैद्याचा फोन येतो. दवाखान्याची पाच पानांची साइट हवी, त्यात ऑनलाइन अपॉइंटमेंट घेता यायला हवी. किती होतील? ती मनातल्या मनात हिशोब करते. मुखपृष्ठाच्या डिझाइनला पाच तास, बाकी पानांना सात, ती वर्डप्रेसमध्ये उभी करायला आठ, अपॉइंटमेंटच्या सोयीला सहा. झाले सव्वीस. तासाला सहाशे धरले तर 15,600 रुपये. आणि फोनवरच ती आकडा सांगून मोकळी होते.

यातला एकही आकडा तसा खोटा नाही. फक्त हा हिशोब कॉम्प्युटरसमोर बसून करायच्या कामाचा आहे, आणि प्रोजेक्ट तेवढ्यात संपत नाही. पहिली बोलणी आणि कोटेशन यांत तीन तास जातात. डॉक्टरांकडून मजकूर आणि फोटो मिळवण्यात चार. (फोटो व्हॉट्सॅपवर येतात, धूसर निघतात, पुन्हा मागावे लागतात.) मोबाइलवर साइट नीट दिसते का हे बघून दुरुस्त्या करायला तीन, बदलांच्या दोन फेऱ्यांना सहा, डोमेन-होस्टिंग लावून साइट सुरू करायला दोन, आणि रिसेप्शनिस्टला शिकवणं, बिल पाठवणं, पैशांसाठी पाठपुरावा यांत चार. हे बावीस तास मिळवले की बेरीज अठ्ठेचाळीसवर जाते. अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथे: कामाचा वेग नव्हे, कामाची यादीच अपुरी असते.

माणूस असा का चुकतो, याचा अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या खोडीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. पुढे 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर होतं सुमारे 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात 55हून अधिक दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. आपण समोरचं काम कसं पार पडेल याचं चित्र रंगवतो. मागचं तसलंच काम किती लांबलं होतं, हे आठवतच नाही.

म्हणून बफर किती धरायचा, याचं उत्तर आपल्या जुन्या नोंदींत शोधावं. मागच्या पाच-सहा कामांचे अंदाजित आणि प्रत्यक्ष तास शेजारी शेजारी मांडा. यादी पूर्ण करूनही साधारण वीस टक्के जास्त लागत असतील, तर तोच तुमचा बफर. नोंदीच नसतील तर माझं मत असं: ओळखीच्या कामाला वीस टक्के, नवं तंत्र किंवा नवा ग्राहक असेल तर तीस ते चाळीस. पन्नासच्या वर धरावंसं वाटलं तर काम अजून कळलेलंच नाही असं समजावं, आणि आधी फक्त गरजा नक्की करण्याचं छोटं काम वेगळे पैसे घेऊन करावं.

एखादाच भाग बेभरवशाचा असेल, तर त्याचे तीन अंदाज करता येतात. अपॉइंटमेंटची सोय सरळ जमली तर चार तास, बहुधा सहा, अडकली तर वीस. मधल्या आकड्याची चौपट करा, त्यात दोन टोकं मिळवा आणि सहाने भागा: 4 + 24 + 20 = 48, म्हणजे आठ तास. ही रीत 1950च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी बसवलेल्या पद्धतीतून आली. आता एकूण पन्नास तास झाले. त्यावर वीस टक्के, म्हणजे साठ. पैसे 36,000. बफर एकदाच, बेरजेवर धरायचा. प्रत्येक ओळीत थोडा थोडा लपवून शेवटी पुन्हा मिळवला, तर कोटेशन उगाच फुगतं. आणि कोटेशनमध्ये तो वेगळा दाखवू नये, घासाघीस पहिल्यांदा त्याच्यावरच येते.

बफर आपल्या अंदाजातल्या चुकीसाठी असतो, ग्राहकाच्या नव्या मागण्यांसाठी नाही. “जाता जाता एक ब्लॉगचं पान पण टाका ना” हे नवं काम. पाच पानं, बदलांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे तासाला सहाशे, हे कोटेशनमध्येच लिहून ठेवावं. नाहीतर कितीही टक्के धरा, पुरणार नाहीत.

15,600 घेऊन साठ तास राबलं, तर तासाला 260 रुपये पडतात. छत्तीस हजार ऐकून डॉक्टर हबकले, तर दर पाडू नका, काम कमी करा. अपॉइंटमेंटची सोय काढून तिथे फोन नंबर दिला, तर तिचे आठ तास आणि त्यांवरचा बफर जाऊन रक्कम पावणेसहा हजारांनी उतरते. तेही नको असेल, तर ते काम सोडून द्यावं.