नऊ की आठ?

चालू घडामोडींच्या प्रश्नसंचातली बरीचशी उत्तरे छापली जातात त्या दिवसापुरतीच खरी असतात, पण छापताना त्यांवर तारीख घातली जात नाही. भारतात केंद्रशासित प्रदेश किती, हा नेहमीचा प्रश्न घेतला तरी ते दिसते. ३० ऑक्टोबर २०१९ पर्यंत २९ राज्ये आणि ७ केंद्रशासित प्रदेश होते. जम्मू-काश्मीर राज्याचे विभाजन ३१ ऑक्टोबरला अमलात आले आणि आकडे २८ व ९ झाले. पुढे दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचे विलीनीकरण २६ जानेवारी २०२० पासून लागू झाले, तेव्हा नवाचे आठ झाले. म्हणजे ‘नऊ’ हे उत्तर तीन महिनेही टिकले नाही, पण त्या काळात छापलेल्या पुस्तकांमधून ते पुढे कितीतरी दिवस पाठ होत राहिले.

गोंधळ वाढतो तो एकाच बदलाला अनेक तारखा असल्यामुळे. विलीनीकरणाचे विधेयक संसदेने डिसेंबर २०१९ मध्येच मंजूर केले होते. त्याच महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तरीही वर्षअखेरीस योग्य उत्तर नऊ हेच होते, कारण कायदा कोणत्या दिवसापासून लागू व्हायचा ते केंद्र सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून होते. कायद्याच्या भाषेत हा ‘नियत दिवस’. विधेयक मंजूर झाल्याची बातमी वाचून लगेच आठ लिहिणारा घाईत चुकतो आणि जुन्या पुस्तकावर विसंबून नऊ लिहिणारा आळसाने.

पडताळणीची सुरुवात म्हणून हा बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरवावे लागते. केंद्राच्या कायद्यासाठी भारताचे राजपत्र (egazette.gov.in) पाहावे. त्यात अधिनियम आणि नियत दिवसाची अधिसूचना अशी दोन्ही कागदपत्रे शोधावी लागतात. पहिले सापडले म्हणून थांबणाऱ्याला अर्धेच उत्तर मिळते. मंत्रिमंडळाचा निर्णय असेल तर पत्र सूचना कार्यालयाचे निवेदन (pib.gov.in) उपयोगी पडते. मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा. त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही तो मिळाल्याने सहाच्या अकरा भाषा झाल्या. एकट्या मराठीची बातमी वाचून ‘सात’ लिहिणाऱ्याची चूक या निवेदनात लगेच उघडी पडते.

दहा प्रश्नसंचांत एकच उत्तर असणे हा मात्र पुरावा नव्हे. ते बहुधा एकमेकांवरून उतरवलेले असतात. अर्धवट दुरुस्त केलेली यादी तर आकड्यांच्या जोडीवरूनच ओळखू येते: ‘२९ राज्ये आणि ९ केंद्रशासित प्रदेश’ अशी स्थिती भारतात कधीच नव्हती. मूळ अधिसूचना सापडली तरी त्यानंतर आणखी बदल झाला नाही ना, हे पाहायचे उरतेच. त्यासाठी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची माहिती ताडून पाहावी आणि वहीत उत्तराशेजारी पडताळणीचा दिनांक लिहावा.