पाच तारे, पण किती जणांचे?

उमऱ्याला जायचं ठरलं की घरात आधी मोबाईल उघडला जातो आणि टूरवाल्यांचे तारे पाहिले जातात. अम्मी-अब्बांना एकटं पाठवायचं असेल तर जास्तच. एकाला पूर्ण ५ तारे, दुसऱ्याला ४.६. आपण पहिल्याला फोन लावतो. पण नावाखालचा छोटा आकडा बघायचा राहून जातो.

समजा, पहिल्याला फक्त ४ जणांनी मत दिलंय आणि दुसऱ्याला १२० जणांनी. चारपैकी दोघे मालकाचे भाऊबंदही असू शकतात. तसं नसलं तरी चार माणसं खूश होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. पाचव्याने १ तारा दिला की त्याची सरासरी थेट ४.२ वर येते. दुसऱ्याला तसाच १ तारा मिळाला तर ४.६ चं जेमतेम ४.५७ होतं.

यावर एक साधा हिशोब आहे. प्रत्येकाच्या खात्यात आधीच काही 'सर्वसाधारण' मतं टाकायची. आपल्या शहरातल्या सगळ्या टूरवाल्यांची सरासरी ४ आहे असं धरू आणि अशी १० मतं, म्हणजे ४० तारे, प्रत्येकाला देऊ. पहिल्याचे झाले ४० आणि २० मिळून ६०. मतं १४. भागाकार ४.२९. दुसऱ्याचे १२० मतांचे ५५२ तारे, त्यात ४० मिळवून ५९२, भागिले १३०, म्हणजे ४.५५. क्रम उलटला! आयएमडीबी ही सिनेमांची वेबसाइट आपल्या सर्वोत्तम २५० च्या यादीसाठी याच धर्तीचं सूत्र वापरत आली आहे.

पहिला टूरवाला वाईट आहे, असं यातून निघत नाही. त्याच्याबद्दल आपल्याला अजून पुरेसं माहीत नाही, इतकंच. नव्या माणसावर अन्यायही होत नाही: कुणाला एकच मत आणि तेही १ ताऱ्याचं मिळालं, तर तो ३.७३ वर राहतो, १ वर आपटत नाही.

आता ही १० मतं का, ५ किंवा ५० का नाहीत? हा अंदाजाचा भाग आहे. किती मतं जमल्यावर आपला विश्वास बसेल, तेवढी धरावीत. आम्हाला उमऱ्यासाठी १० सुद्धा कमीच वाटतात. बिर्याणीच्या हॉटेलला चालतील.

खोट्या मतांपुढे मात्र हा हिशोब लंगडा पडतो. कुणी ५० खोटी पाच तारे मतं विकत घेतली तर त्याचे ४.८३ होतात आणि तो सगळ्यांच्या वर जातो. तिथे मतं वाचावीच लागतात. सगळी एकाच आठवड्यातली आहेत का? देणाऱ्याने आयुष्यात हे एकच मत दिलंय का? खरा जाऊन आलेला माणूस हॉटेल हरमपासून किती लांब होतं, जेवण कसं होतं, बस किती उशिरा आली हे लिहितो. नुसतं 'बेस्ट सर्व्हिस' लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा बसबद्दल कुरकुरणारं ४ ताऱ्यांचं एक मत आम्हाला जास्त कामाचं वाटतं.