एक्स-रेच्या रिपोर्टमधलं पांढरं

'राइट लोअर झोनमध्ये होमोजीनस ओपॅसिटी. राइट सीपी अँगल ऑब्लिटरेटेड. सजेस्टिव्ह ऑफ प्लुरल इफ्युजन. क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक.' छातीच्या एक्स-रेच्या पाकिटातून असा रिपोर्ट निघाला, की घरातल्या कुणाला 'छातीत पाणी' आठवतं, कुणाला टीबी आणि कुणाला थेट कॅन्सर. या चार ओळींत मात्र एकाही आजाराचं नाव नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने फिल्मवर काय दिसलं ते सांगितलं आहे आणि एक अंदाज दिला आहे, त्यापलीकडे काही नाही.

एक्स-रेवर हवा काळी दिसते, हाडं पांढरी आणि धातू सगळ्यात पांढरा. निरोगी फुफ्फुसात हवाच हवा असल्यामुळे ते काळसर दिसतं. गोची मधल्या छटांची आहे. पाणी, पू, रक्त, हृदयाचा स्नायू, कॅन्सरची गाठ या सगळ्यांमधून किरण जवळपास सारखेच अडतात, त्यामुळे फिल्मवर त्यांचा पांढरेपणाही जवळपास सारखाच उमटतो. फुफ्फुसात पांढरं दिसणारं रक्त आहे की पू, हे नुसत्या रंगावरून जगातला कुणीही सांगू शकत नाही. म्हणून रेडिओलॉजिस्ट त्या पांढऱ्याचा आकार पाहतो, त्याच्या कडा पाहतो आणि शेजारचं काय पुसलं गेलं आहे ते पाहतो.

जिथे काळं असायला हवं तिथे पांढरं दिसलं, की त्याला ओपॅसिटी म्हणतात. यातला हा सगळ्यात मोघम शब्द आहे आणि तो मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. तो न्यूमोनियाला चालतो, जुन्या बऱ्या झालेल्या टीबीच्या व्रणाला चालतो आणि गाठीलाही चालतो. कधी कधी तर ते फुफ्फुसातलं नसतंच. खांद्यावरून पुढे आलेली वेणी फुफ्फुसाच्या वरच्या भागावर पांढरी पट्टी उमटवते आणि स्तनाग्राची सावली खालच्या भागात लहान गोल गाठीसारखी दिसू शकते. मंगळसूत्र काढा, केस वर बांधा, असं तंत्रज्ञ सांगतो ते यासाठीच. म्हणून रिपोर्टमध्ये ओपॅसिटीच्या आजूबाजूचे शब्द वाचावेत: ती कुठल्या झोनमध्ये आहे, एकसंध आहे की विखुरलेली, कडा स्पष्ट आहेत की धूसर. गोलसर ओपॅसिटी तीन सेंटिमीटरपर्यंत असेल तर तिला नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठी असेल तर मास. या दोन शब्दांनंतर बहुतेकदा सीटी स्कॅनचा किंवा जुन्या फिल्मशी तुलना करण्याचा सल्ला येतो आणि तो टाळण्यासारखा नसतो.

कन्सॉलिडेशन हा शब्द एक पाऊल पुढे जातो. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत हवेच्या जागी दुसरं काहीतरी भरलं आहे, असं तो सांगतो. स्पंजात पाणी मुरावं तसं हे असतं: फुफ्फुसाचा तो भाग साधारण तेवढ्याच आकाराचा राहतो, फक्त आतली हवा गेलेली असते. यावरून एक सुंदर खूण मिळते. पिशव्या भरल्या तरी त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या श्वासनलिकांत बहुतेकदा हवा शिल्लक असते. त्यामुळे पांढऱ्या भागात काळ्या, फांद्यांसारख्या रेषा उठून दिसतात. याला एअर ब्रॉंकोग्राम म्हणतात. एरवी या नळ्या दिसत नाहीत, कारण त्यांच्याभोवतीही काळंच असतं. दुसरी खूण शेजाऱ्यांची. हृदयाची उजवी कड पुसली गेली, तर बिघाड हृदयाला लागून असलेल्या उजव्या मधल्या खंडात असण्याची शक्यता मोठी. ती कड शाबूत आहे पण डायफ्रॅम पुसला गेला आहे, तर खालच्या खंडात.

ताप, खोकला आणि कन्सॉलिडेशन असं एकत्र आलं, तर पहिला संशय न्यूमोनियाचा. पण टीबीमध्येही असंच दिसतं, फुफ्फुसात रक्तस्राव झाला तरीही. उपचारांनी ताप काही दिवसांत उतरतो, फिल्म मात्र मागे रेंगाळते. वयस्कर माणसात पांढरेपणा जायला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे आठव्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढून 'अजून तसंच आहे' म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. याउलट, पन्नाशी ओलांडलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाने साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढायला सांगितली असेल तर ती जरूर काढावी. न विरघळणाऱ्या कन्सॉलिडेशनमागे कधी कधी श्वासनलिका अडवणारी गाठ असते.

इफ्युजनमध्ये पाणी फुफ्फुसाच्या आत नसून बाहेर असतं. फुफ्फुस आणि बरगड्यांची भिंत यांच्यामध्ये दोन पातळ पदरांची फट असते आणि तिच्यात थोडासा द्रव नेहमीच असतो. तो वाढला, की उभ्या माणसात खाली उतरतो आणि बरगड्या व डायफ्रॅम यांच्यामधला टोकदार कोपरा आधी भरतो. हाच तो सीपी अँगल. उभ्याने समोरून काढलेल्या फिल्मवर हा कोपरा बोथट दिसायला साधारण दोनशे मिलिलिटर पाणी जमावं लागतं, म्हणजे थोडं पाणी एक्स-रेवर सुटूनही जाऊ शकतं. रुग्ण झोपलेला असेल तर पाणी पाठीमागे पसरतं आणि कोपरा भरण्याऐवजी ती सगळी बाजू नुसती धुरकट दिसते.

वरचा रिपोर्ट एका तिशीच्या तरुणाचा आहे असं धरू. तीन आठवडे संध्याकाळचा बारीक ताप. आधी खोल श्वास घेताना उजवीकडे टोचायचं. मग टोचणं कमी झालं आणि धाप वाढली. घरच्यांना वाटलं, उतार पडतोय. प्रत्यक्षात पाणी वाढल्याने घासणारे दोन पदर एकमेकांपासून दूर गेले होते. डॉक्टर उजव्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहतात, खाली आवाज बद्द येतो. सोनोग्राफीत पाणी आहे, किती आहे आणि त्यात जाळी धरली आहे का ते कळतं. मग सुईने थोडं पाणी काढून तपासायला पाठवतात. ते गवती पिवळं निघतं, प्रथिनं जास्त, लिम्फोसाइट पेशी जास्त आणि एडीए वाढलेलं. या वयात आणि आपल्या देशात हे चित्र टीबीकडे बोट दाखवतं. अशा रुग्णाच्या थुंकीत जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून सगळ्या गोष्टी जुळवून निर्णय घ्यावा लागतो. रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं क्लिनिकल कोरिलेशन ते हेच. टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. हाच रिपोर्ट पाय सुजलेल्या, हृदय कमजोर असलेल्या सत्तरीच्या आजीचा असता, तर विचार आधी हृदयाच्या अंगाने झाला असता.

एक बाजू पूर्ण पांढरी दिसली, तर रेडिओलॉजिस्ट श्वासनलिका कुठे सरकली आहे ते पाहतो. भरपूर पाणी तिला विरुद्ध बाजूला ढकलतं, तर आकसलेलं फुफ्फुस आपल्याकडे ओढतं. 'ट्रेकिया सेंट्रल' हे दोन शब्द रिपोर्टमध्ये असतात ते यासाठी.

उपचार पूर्ण झाल्यावरही त्या तरुणाचा कोपरा कायमचा थोडा बोथट राहू शकतो, कारण पदर जाड होऊन चिकटतात. दहा वर्षांनी नोकरीच्या तपासणीत 'सीपी अँगल ब्लंटेड' असं पुन्हा लिहून येईल. तेव्हा उपचार संपतानाची फिल्म कपाटात असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून काही मिनिटांत कळेल, की हे नवं पाणी नाही, जुनाच व्रण आहे. ती नसेल तर सोनोग्राफी आणि कदाचित सीटीही करावा लागेल.