कॉफीही हवी, कोकोही: मोका नेमका कुठे बिघडतो

कॅफेत मोका मागवला की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट हातात पडते. एक तर कॉफीचा नुसता वास असलेलं गरम चॉकलेट, नाही तर तळाशी तपकिरी गाळ साचलेली गोड कॉफी. दोन्हींत वापरलेल्या वस्तू चांगल्या असू शकतात. चूक बहुधा प्रमाणात आणि क्रमात असते. ती समजून घ्यायची तर या दोन चवी एकमेकींना का झाकतात, हे आधी पाहायला हवं.

कॉफी आणि कोको या दोन वेगळ्या झाडांच्या बिया. पण दोन्ही भाजल्याशिवाय त्यांची ओळखीची चव येत नाही, आणि भाजताना दोन्हींत बऱ्याच अंशी एकाच जातीची सुगंधी द्रव्यं तयार होतात. दोन्ही कडू आहेत, दोन्हींत थोडा तुरटपणा आहे. त्यामुळे त्या एकत्र आल्या की जिभेला दोन चवी कळण्याऐवजी एकच जाड कडवटपणा कळतो. मग तो घालवायला साखर आणि दूध वाढवलं जातं आणि दोन्ही चवी एकदमच बुडतात. म्हणून साम्यावर भर न देता फरक जपायचा. कॉफीकडे फळासारखी आंबूस धार असते, कोकोकडे नसते. कोकोकडे स्निग्धपणा आणि दाटपणा असतो, तो कॉफीकडे नसतो. कॉफीची धार आधी लागावी आणि कोकोचा दाटपणा घोट संपताना उरावा, असा कप साधला की मोका जमला.

म्हणून कॉफी निवडताना फार काळी भाजलेली घेऊ नये. अगदी काळ्या दाण्यात आंबूसपणा जळून गेलेला असतो आणि उरलेला धुरकट कडूपणा कोकोच्या कडूपणात मिसळून जातो. मध्यम भाजलेली अरेबिका बरी, चिकमगळूरची असली तरी उत्तम. घरच्या फिल्टर कॉफीच्या पावडरीत चिकोरी असेल तर एवढं लक्षात ठेवावं की चिकोरीला स्वतःची करपट-गोड चव असते. मोक्यात ती तिसरी पाहुणी होऊन बसते.

कोकोच्या बाबतीत पाकीट नीट वाचावं. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीत बहुतेक वेळा साखरच जास्त असते. तिने कप गोड होतो, चॉकलेटी होत नाही. बिनसाखरेची कोको पावडर घ्यावी. तिचेही दोन प्रकार आहेत. नैसर्गिक कोको फिकट तपकिरी आणि किंचित आंबट असतो. डच पद्धतीच्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये व्हॅन हाउटेन यांच्याकडून आली. या प्रक्रियेने कोकोचा आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि चव गोलाईची होते. मोक्याला हाच सोयीचा, कारण आंबूसपणाची जागा कॉफीसाठी मोकळी राहते.

आता एक कप मोजून करू. सुमारे 200 मिलीचा कप आहे असं धरू. एका छोट्या भांड्यात 6 ग्रॅम कोको, 8 ग्रॅम म्हणजे साधारण दोन सपाट चमचे साखर आणि अगदी चिमूटभर मीठ घ्यावं. मिठाची चव लागता कामा नये. ते फक्त कडूपणा थोडा दाबतं. हे कोरडंच नीट एकत्र करावं, म्हणजे साखरेचे कण कोकोला सुटं ठेवतात. मग त्यावर चमच्याचमच्याने मिळून 25 मिली उकळतं पाणी घालत घोटावं आणि मंद आचेवर अर्धा मिनिट ठेवावं. पातळ, चकाकणारा सॉस तयार होतो.

ही पायरी गाळली की तळाशी गाळ येणारच. कोको पाण्यात साखरेसारखा विरघळत नाही. त्याचे बारीक कण नुसते तरंगतात, आणि त्यांच्यावर कोको बटरचा थर असल्याने ते ओले व्हायलाच तयार नसतात. थंड दुधात कोको टाकला तर पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतात, आत कोरड्या. उकळत्या पाण्याने ही स्निग्धता सुटते, कोकोमधला स्टार्च फुगतो आणि कण धरून ठेवतो. सॉस चमच्यावरून सलग धारेने पडला तर झाला, रवाळ थेंब पडत असतील तर अजून घोटायला हवा.

दुसरीकडे एस्प्रेसो काढावी: 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंदांत कपात सुमारे 36 ग्रॅम कॉफी. मशीन नसेल तर मोका पॉटमधली किंवा फिल्टरमधली घट्ट, पहिल्या धारेची कॉफी 40 मिली घ्यावी. ती सॉसमध्ये ओतून ढवळावी आणि दूध घालण्याआधी चमचाभर चाखून पाहावी. हीच खरी तपासणी. इथे कॉफी आणि कोको दोन्ही ओळखू येत असतील तर पुढे फारसं बिघडत नाही. नुसता कोकोच लागत असेल तर दुधाने कॉफी वर येणार नाही. पुढच्या वेळी कोको एक ग्रॅमने कमी करावा. कडू आणि आंबट दोन्ही टोचत असेल तर साखर नव्हे, कॉफीची पूड आणि काढण्याची वेळ आधी तपासावी.

मग दूध, 120 ते 130 मिली. ते 60 ते 65 अंशांपर्यंतच तापवावं. सत्तरच्या वर गेलं की दुधाला उकळल्याचा वास येतो आणि तो कॉफीचा सुगंध झाकतो. आपल्याकडे ‘भरपूर दूध’ म्हणजे चांगलं, अशी समजूत आहे. मोक्यात ती उलटते. म्हशीच्या दुधाच्या स्निग्धतेने जिभेवर थर बसतो, त्यामागे कॉफीची धार हरवते. त्यातली प्रथिनं कॉफी आणि कोकोच्या तुरट द्रव्यांना पकडतात, म्हणून थोडं दूध चव मऊ करतं. पण जास्त झालं की चवच उरत नाही. गायीचं किंवा टोन्ड दूध पुरेसं.

कोकोऐवजी खरं चॉकलेट वापरायचं असेल तर 60 ते 70 टक्क्यांचं सुमारे 15 ग्रॅम घ्यावं आणि वरची साखर अर्ध्यावर आणावी. चॉकलेटमधलं कोको बटर कप जास्त मखमली करतं, पण तेच जिभेवर बसतं. म्हणून दूध 100 मिलीवर थांबवलेलं बरं.

इटलीतल्या तुरीन शहराने हा पेच वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथला ‘बिचेरिन’ म्हणजे एस्प्रेसो, घट्ट चॉकलेट आणि वर साय, काचेच्या छोट्या पेल्यात एकावर एक थर लावून. तो न ढवळताच प्यायचा, त्यामुळे प्रत्येक घोटात तीन चवी वेगळ्या येतात आणि तोंडात गेल्यावरच मिसळतात. मिसळलेल्या मोक्याला ही सोय नाही, म्हणून त्याचं मोजमाप काटेकोर हवं.

आपला कप जमला की नाही, हे पहिल्या घोटावरून ठरवू नये. फार गरम कपात चवी नीट कळत नाहीत आणि गोडवा सगळं सावरून घेतो. कप कोमट झाला की पुन्हा प्यावा. तेव्हा कॉफीची आंबूस धार आणि मागे कोकोचा कडवटपणा दोन्ही कळत असेल तर प्रमाण बरोबर आहे. नुसती साखर लागली, तर पुढच्या कपात दूध आणि साखर कमी करावी, कॉफी वाढवण्याच्या आधी.