करमाफी झाली, पाकीट किती रुपयांनी उतरलं?

21 जुलै 2018 रोजी दिल्लीत जीएसटी परिषदेची 28वी बैठक झाली आणि सॅनिटरी पॅडवरचा 12 टक्के कर रद्द झाल्याचं पीयूष गोयल यांनी जाहीर केलं. अर्थखात्याचा हंगामी कारभार तेव्हा त्यांच्याकडे होता. 27 जुलैपासून निर्णय लागू झाला. समाजमाध्यमांवर जल्लोष झाला आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. मुंबईच्या ‘शी सेज’ या संस्थेनं एप्रिल 2017 मध्ये #LahuKaLagaan हा हॅशटॅग चालवला होता. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना उद्देशून हजारो जणींनी लिहिलं, नामवंतही उतरले. मागणी एकच होती: पाळीवर कर नको.

हॅशटॅगनं खरंच काही बदलतं का, हा वाद एरवी हवेतच राहतो. एक म्हणतो ‘जागृती झाली’, दुसरा म्हणतो ‘नुसती टिवटिव’. दोघांनाही खोटं पाडता येत नाही, कारण मोजायचं काय हेच ठरलेलं नसतं. ही मोहीम मात्र चार प्रश्नांवर नीट तपासता येते. मागणी पुरी करण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता? निर्णय कागदावर उतरला का? त्यात हॅशटॅगचा वाटा किती? आणि जिच्या नावानं हे सगळं झालं, तिच्या हाती काय पडलं?

पहिल्या दोन प्रश्नांवर मोहीम उत्तम गुणांनी पास होते. ‘स्त्रियांना सन्मान द्या’ म्हटलं की कोणीही मान डोलावून पुढे जाऊ शकतो. ‘या वस्तूवरचा कर शून्य करा’ म्हटलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि ते कोणी म्हणायचं हेही ठरलेलं असतं. शिवाय जीएसटीचे दर तेव्हा ठरतच होते, म्हणजे वेळही नेमकी साधली होती. निर्णयाची अधिसूचना निघाली. इथवर ठीक.

वाट्याचा प्रश्न आला की जल्लोष थोडा आवरता घ्यावा लागतो. हॅशटॅग एप्रिल 2017 मधला. तरी 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तो पॅडवर 12 टक्के कर घेऊनच. मोहिमेला आधी नकारच मिळाला होता. हॅशटॅगपलीकडेही बरंच काही घडलं. खासदार सुष्मिता देव यांनी ऑनलाइन अर्जावर लाखोंच्या सह्या गोळा केल्या. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. कुंकू, काजळ करमुक्त असताना पॅड का नाही, असं नोव्हेंबर 2017 मध्ये न्यायालयानं विचारलं आणि 31 जणांच्या जीएसटी परिषदेत एकही स्त्री नसल्याकडे बोट दाखवलं. जानेवारी 2018 मध्ये ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांनी पॅडवर संदेश लिहून ते पंतप्रधानांना पाठवायची मोहीम काढली. फेब्रुवारीत ‘पॅडमॅन’ आला. यातलं नेमकं कशानं परिषदेचं मन वळलं हे वेगळं काढता येत नाही. हॅशटॅगला एवढं श्रेय मात्र नक्की द्यायला हवं की दरांच्या रुक्ष यादीतली एक ओळ त्यानं घराघरातल्या बोलण्यात आणली. न्यायालयातल्या प्रश्नाला तयार श्रोता मिळाला तो त्यामुळेच.

आता शेवटचा प्रश्न, आणि खरी मेख इथेच आहे. कर 12 टक्के होता, तो गेला, म्हणजे पाकीट 12 टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवं असं वाटतं. तसं होत नाही. समजायला सोपे आकडे घेऊ. कारखानदार 50 रुपयांचा कच्चा माल आणतो: ओल शोषणारं पॉलिमर, प्लास्टिकचा पापुद्रा, गोंद. यावर 18 टक्के जीएसटी होता (लाकडाच्या लगद्यावर 12, तो सोप्यासाठी बाजूला ठेवू). म्हणजे त्यानं 9 रुपये कर आधीच भरलेला असतो. माल तो 100 रुपयांना विकतो, वर 12 रुपये कर लावतो. गिऱ्हाईक 112 देतं. आधी भरलेले 9 रुपये वजा करून कारखानदार सरकारला 3 रुपये देतो. ही वजावट म्हणजेच ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’.

पॅड करमुक्त झालं की 12 रुपये जातात, पण वजावटही जाते. करमुक्त मालाच्या कच्च्या मालावरचा कर परत मिळत नाही, असा जीएसटीचा नियमच आहे. ते 9 रुपये आता कारखानदाराच्या खर्चात मिसळतात. नफा तेवढाच ठेवायचा तर त्याला 109 रुपये घ्यावे लागतात. गिऱ्हाइकाची बचत 3 रुपयांची. कच्चा माल 60 रुपयांचा असेल तर बचत सव्वा रुपयाचीही उरत नाही. आयात पॅडला हा भार नाही, कारण बहुतेक देश निर्यातीच्या मालावरचा कर परत करतात.

गंमत अशी की हा हिशोब कोणी दडवला नव्हता. जुलै 2017 मध्ये कर कमी करायला नकार देताना अर्थखात्यानं हेच कारण दिलं होतं. ते तेव्हा पळवाट म्हणून उडवून लावलं गेलं. थोडी पळवाट ती होतीही, कारण वजावट शाबूत ठेवून दर 5 टक्क्यांवर आणण्याचा मार्ग खुला होता. पण ‘5 टक्के करा’ ही घोषणा होत नाही. हॅशटॅगला शून्यच हवं असतं.

2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या 42 टक्के मुली सॅनिटरी नॅपकिन वापरत होत्या. 2019-21 मध्ये 64 टक्के. हा आकडा करमाफीच्या खात्यावर मांडायचा मोह होतो, पण त्याच काळात दुसरंही काही चाललं होतं. महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये ‘अस्मिता’ योजना आली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट 5 रुपयांत, आणि वाटप बचत गटांकडे. जनऔषधी केंद्रांत एक पॅड अडीच रुपयांना होतं, ते ऑगस्ट 2019 मध्ये एक रुपयावर आलं. ज्या घरात पॅड की कापड हा पैशाचा प्रश्न असतो, तिथे पाकिटामागे दोन-तीन रुपयांच्या करमाफीपेक्षा या पाच रुपयांनी जास्त फरक पडला असणार, असं माझं मत आहे. आणि त्याच दुसऱ्या पाहणीत निम्म्या मुली कापडही वापरत होत्याच.

किंमत फारशी उतरली नाही, हा दोष मग वजावटीच्या नियमाचाच का? पूर्ण नाही. ब्रिटनमध्ये हीच मागणी 2014 पासून ऑनलाइन अर्जानं लावून धरली गेली. 1 जानेवारी 2021 ला तिथला 5 टक्के कर शून्य झाला, तोही वजावट कायम ठेवून. आपल्याकडची अडचण तिथे नव्हती. तरीही पुढच्या वर्षी ‘टॅक्स पॉलिसी असोसिएट्स’ या गटानं किमती तपासल्या तेव्हा दिसलं की टॅम्पॉन जेमतेम 1 टक्क्यानं स्वस्त झाले. उरलेली सवलत दुकानदारांनी खिशात घातली होती. आपल्या जीएसटी कायद्यात करकपातीचा लाभ गिऱ्हाइकाला द्या, असं बजावणारं 171वं कलम होतं. पण वजावट गेल्यावर मुळात लाभ किती, यावरच वाद घालता येतो.

ब्रिटनमध्ये पाळीत घालायच्या खास अंतर्वस्त्रांवर 20 टक्के कर राहिला होता. तो काढण्याची मोहीम 2023 मध्ये उभी राहिली तेव्हा टॅम्पॉनच्या अनुभवाचा उपयोग झाला. कर जाण्याआधीच ‘मार्क्स अँड स्पेन्सर’सह मोठ्या विक्रेत्यांनी सह्या करून सांगितलं की कर रद्द झाला तर तेवढी किंमत आम्ही उतरवू. कर 1 जानेवारी 2024 ला गेला. कोणत्या दुकानानं शब्द पाळला, हे त्यानंतर किमतीच्या चिठ्ठीवरून कोणालाही ताडून पाहता येत होतं.